नदीआधीचं पान

कपड्यांच्या घड्या अर्ध्यावर टाकून मी नणंदेच्या खोलीत गेले. तिच्या प्रवासातल्या फोटोंच्या पहिल्या पुस्तकाची पानं जमिनीवर मांडलेली आणि ही येरझाऱ्या घालतेय. संध्याकाळी छापखान्यात द्यायचं होतं.

"वहिनी, मधलं एक पान काढलं, तर पुढच्या सगळ्या जोड्या सरकल्या."

समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली नदी आता अर्धी इथे, अर्धी पान उलटल्यावर.

"मग परत घाल."

"नको. सगळे मोठेच फोटो, डोळ्याला उसंत नाही."

"तर तिथं एखादा लहानसा ठेव, बाई. आणि जरा बस."

ती बसली नाही, पण नावाड्याच्या चपलांचा छोटा फोटो तिनं कोऱ्या पानाच्या मधोमध ठेवून ते पान नदीच्या आधी घातलं. देवाच्या कृपेनं नदी जुळली, आणि आधीच्या शांततेमुळे मोठी वाटली.

आता ती संगणकावर तशीच मांडणी करतेय. मला पेनड्राइव्ह छापखान्यात पोचवायचाय.