बाईमाणसांचा इंडेक्स

आमच्या सरांना एकच औषध ठाऊक होतं. स्क्रीन हळू चालते? इंडेक्स मार, म्हणजे एखाद्या रकान्याची शोधायला सोपी अशी वेगळी यादी करून ठेव. कशावर मारायचा, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही.

साकीनाक्याच्या आमच्या ऑफिसात पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनतं. एका लॅबवाल्यांच्या उपनगरभर शाखा होत्या. रोज सकाळी प्रत्येक शाखेत एक स्क्रीन उघडायची: या शाखेत आज आलेल्या स्त्री-पेशंट. ती उघडता उघडेना, आणि गोवंडीच्या काउंटरवरची बाई फोनवर आमचा उद्धार करायची. त्या स्क्रीनसाठी डेटाबेसमधून माहिती शोधून आणणारी क्वेरी लिहिली होती माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने. ती प्रोबेशनवर होती. सरांनी सरळ सांगून टाकलं, "सोमवारपर्यंत स्क्रीन पळाली नाही, तर हिला कन्फर्म करणार नाही."

मुलीचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. शाखा आणि तारीख मिळून एक इंडेक्स हवा. सर म्हणाले होते, "इंडेक्स वाढवू नकोस, नोंदणी मंदावते." आणि आता त्याच माणसाने स्वतःच्या हाताने इंडेक्स टाकला. लिंगावर!

त्यांनी आमच्यासमोर तपासूनही दाखवला. त्या रकान्यात 'स्त्री', 'पुरुष' आणि 'अन्य' असे तीनच पर्याय होते. त्यांनी नेमकं 'अन्य' टाकून शोधलं. लाखो नोंदींत असे पेशंट मोजके. क्षणात समोर आले.

"बघ, चालतोय ना इंडेक्स? झकास! म्हणजे तुझ्या क्वेरीतच गडबड आहे."

मुलगी आपली क्वेरी पुन्हा वाचू लागली. माझं डोकं मात्र फिरलं.

"सर, आता 'स्त्री' टाका."

टाकलं. स्क्रीन तशीच ढिम्म. डेटाबेसने त्या इंडेक्सकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, सगळं टेबल पहिल्यापासून वाचत बसला होता.

"त्याला अक्कल नाही," सर डेटाबेसबद्दल म्हणाले. मग त्यांनी क्वेरीत जबरदस्तीची सूचना घातली, की हाच इंडेक्स वापर. स्क्रीन आधीपेक्षाही रखडली. तरी हेका तोच, क्वेरी चुकीची आहे.

मी त्यांना विचारलं, "सर, तुमच्या सोसायटीत हळदीकुंकू असतं ना?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"बायकांना बोलवायला वॉचमनकडून यादी आणतं का कुणी? जवळजवळ प्रत्येक दारामागे एक तरी बाई असतेच. यादी घेतलीत तर एक नाव वाचायचं, ते दार गाठायचं, परत यादीत बघायचं. आणि शेवटी सगळे मजले चढायचेच. त्यापेक्षा सरळ दारं वाजवत गेलेलं बरं. डेटाबेस तेच करतोय. अक्कल आहे म्हणूनच करतोय. मोजक्या माणसांना शोधायचं असेल तर यादी कामाची, म्हणून तुमचं 'अन्य' पळालं. अर्धी सोसायटी बोलवायची असेल तर तीच यादी ओझं. आणि नवीन भाडेकरू आला की ती लिहीत बसायचं ते वेगळंच."

"मग करायचं काय?"

"ती सांगतेय ते. अमुक विंग, आजच आलेले लोक. तिथे दोन-चारच दारं निघतात. त्यांत बाई कोण, ते दार उघडल्यावर कळतंच."

मोठ्या नाखुशीने त्यांनी शाखा आणि तारखेचा इंडेक्स टाकू दिला. मुलीने सरांची ती सूचना काढली. स्वतःच्या क्वेरीतलं अक्षरही बदललं नाही. स्क्रीन लगेच उघडली. गोवंडीची बाई फोनवर पहिल्यांदा आमच्याशी माणसासारखी बोलली.

सोमवारी मीटिंगमध्ये सर वरच्या साहेबांना काय म्हणाले असतील? "मी सांगतच होतो, इंडेक्सनेच काम होईल."

मला राहवलं नाही. "कुठल्या इंडेक्सने, ते पण सांगा ना सर."

ते हसले, विषय बदलायला निघाले. तेवढ्यात मुलीने लॅपटॉप पुढे ओढला. चाचणीच्या सर्व्हरवरचा लिंगाचा इंडेक्स तिने सगळ्यांसमोर उडवला आणि तीच स्क्रीन पुन्हा उघडली. तितकीच चटकन. मग तिने लॅपटॉप साहेबांकडे फिरवला.

साहेबांनी विचारलं, "मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं सर."

साहेबांनी तिला तिथल्या तिथे कन्फर्म केलं. मला इतका आनंद झाला, की क्षणभर मी सरांनाही माफ करून टाकलं असतं. पण ते उठले, तिच्या पाठीवर थाप मारली आणि कौतुकाने साहेबांना म्हणाले,

"पोरगी लवकर शिकते."

"कुणाकडून?" मी विचारलं.