एक कापड भिजलं

पेणच्या आमच्या रुग्णालयात ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या रुग्णांसाठी एक फोन ठेवलेला आहे. तो ड्रेसिंगच्या खोलीशेजारी, खिडकीपाशी असतो. टाके लाल दिसले, पाणी आलं, ताप भरला की लोक तिथे फोन करतात आणि नर्सांपैकी जो हजर असेल तो उचलतो. मी पुरुष नर्स आहे, सगळे मला ब्रदर म्हणतात. फोनवर काय विचारायचं ते आमच्या सर्जनांनी आणि मुख्य सिस्टरांनी बसून लिहून काढलं आणि प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लावलं. त्याची पहिलीच ओळ अशी : शक्यतो रुग्णाशी स्वतः बोला.

त्या दुपारी मी ती ओळ वगळली.

फोन रोह्याच्या पलीकडच्या एका वाडीतून होता. बोलणारा नवरा होता, डोलवीला कंपनीत कंत्राटावर जाणारा. बायकोची गर्भपिशवी आमच्याकडेच काढलेली, बेंबीखाली उभी चीर. आठवडाभरापूर्वी ती स्वतःच्या पायांनी चालत इथून गेली होती.

"टाक्यांतनं पानी येतंय," तो म्हणाला.

"त्यांना फोन द्या."

"ती नाय बोलायची. लाजते. बाप्या मानसासंगं पोटाचं काय बोलनार ती? मला इचारा, मी बघून सांगतो."

मुख्य सिस्टर शेजारच्या खोलीत एका रुग्णाचं ड्रेसिंग करत होत्या. त्यांना हाक मारणं हे एवढं सोपं काम होतं. पण दारात माणसं थांबली होती, आणि नवरा समजूतदार वाटला. मी त्यालाच विचारत गेलो. लाली किती? टाक्यांच्या कडेलाच. पसरतेय का? नाय. गरम लागतंय का? नाय. ताप, थंडी वाजून येणं? नाय, पण खोकला हाय. पाण्याचा रंग? पातळ, जरा गुलाबी. पिवळं, घट्ट, वास येणारं? तसलं काय नाय.

"किती आलंय?"

"एक कापड भिजलं."

आमच्या कागदावर हे ‘थोडं’ या रकान्यात बसतं. पातळ, थोडं, वास नाही, ताप नाही, तर जखम कोरडी ठेवा, स्वच्छ पट्टी लावा, उद्या ओपीडीत दाखवा, वाढलं तर लगेच फोन करा. मी तेच सांगितलं. पुढचे दोन प्रश्न होते, पाणी अचानक आलं की हळूहळू, आणि खोकताना किंवा उठताना आत काही सुटल्यासारखं वाटलं का. दुसऱ्याचं उत्तर फक्त तिच्याजवळ होतं. म्हणून मी दोन्ही सोडून दिले.

तो हलक्या आवाजात म्हणाला, "बरं झालं. मंग ह्ये लुगडं धुवायला टाकू ना?"

"टाका," म्हणून मी फोन ठेवला.

ठेवल्यावर शब्द कानात राहिला. लुगडं. आमच्याकडे बाईचं पोट मोकळं ठेवत नाहीत. बाळंतपण असो की ऑपरेशन, जुन्या नऊवारीच्या घड्या घालून पोट आवळून बांधतात. माझ्या आईनेही माझ्या बायकोचं बांधलं होतं. मी कापड म्हणजे हातभर पट्टी धरली होती. तो म्हणत होता ते अख्खं लुगडं, घड्यांवर घड्या, आणि ते भिजून बाहेर आलं होतं. पोटाच्या चिरेतून असं गुलाबी पाणी एकदम भळभळलं की आतले थर सुटत असतात. हे कळायला मला कागद लागत नव्हता.

मी उलट फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा. मला ते घर दिसत होतं, तो न्हाणीत लुगडं आपटतोय आणि फोन आत वाजतोय, आणि ती वाजणाऱ्या फोनसाठी उठायला जाईल. ती उठू नये म्हणून मी फोन तोडावा की लावत राहावा, हेच मला कळेना. मी सिस्टरांना ओरडून बोलावलं. त्या हातमोजे काढतच आल्या.

"रुग्णाशी बोललात?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रिसीव्हर हातातून घेतला. त्यांचं माहेर जवळच्याच कासूचं, तिकडची बोली त्यांच्या तोंडात होती. पलीकडे फोन उचलला गेला तेव्हा त्यांनी नवऱ्याला बोलूच दिलं नाही.

"तिच्या कानाला लाव फोन. आणि तू भायेर हो जरा... काय गो बाय, पडूनच ऱ्हा, उठू नको. खोकलीस का तू?"

सिस्टरांनी स्पीकर लावला होता, त्यावर बारीक आवाज आला. "व्हय. खोकले तवा आत कायतरी सुटल्यासारखं झालं. मंग ऊन पानी आलं मांड्यांवर. ह्यांना नाय सांगितलं, घाबरतात."

"आता परत बांधलंयस?"

"दुसरं लुगडं. ते पन भिजलं."

सिस्टरांनी नवऱ्याला आत बोलावून बांधलेलं हळूच सैल करायला लावलं. मग तो म्हणाला, "बाई, आतलं दिसतंय. चमकतंय कायतरी. मी आत सारू?"

"हात लावायचा नाय!" सिस्टर इतक्या जोरात म्हणाल्या की दारातली माणसं गप्प झाली. "उकळून गार केलेलं पानी हाय का घरात?"

"हाय, तिच्या प्यायचं."

"हात धू. धुतलेलं स्वच्छ फडकं त्यात भिजव आणि वरनं नुसतं ठेव. दाबू नको, बांधू नको. तिचे गुडघे वाकवून खाली गोधडीची घडी घाल. तोंडात काय द्यायचं नाय, पान्याचा घोट पन नाय."

मी दुसऱ्या फोनवरून १०८ ला वाडीचा पत्ता सांगत होतो. मग रोह्याच्या सरकारी दवाखान्याला कळवलं. तिथे सलाईन लावून, जखम झाकून पुढे पेणला पाठवणार होते. सर्जनांना मीच जाऊन सांगितलं, आणि मी काय विचारलं नाही तेही सांगितलं. ते म्हणाले, "नंतर. आधी थिएटर तयार करा."

सिस्टर गाडी येईपर्यंत फोनवर राहिल्या. "खोकला आला तर सांग गो. तोंडानं श्वास घे. नवरा काय करतोय? रडतोय? त्याला सांग, मंग रड."

नागोठण्याच्या रस्त्यावर कुठे कुठे खड्डे आहेत ते मला पाठ आहेत. ते सगळे मी खिडकीपाशी बसून मोजले. देवाचं नाव घ्यायचीही मला लाज वाटली.

गाडी पोचली आणि तिला थिएटरात नेलं तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा होता. नवरा थिएटरबाहेर भिंतीला टेकून उकिडवा बसला, अंगातला शर्ट ओला. मी त्याच्यासमोर बसलो आणि सांगितलं की पहिल्या फोनला चूक माझी झाली. त्याने बायकोला फोन द्यायला हवा होता असं नव्हे, तर मी तो हट्टाने मागायला हवा होता, नाहीतर सिस्टरांना बोलवायला हवं होतं. कापड केवढं तेही विचारलं नाही. उद्या या म्हणालो ते चुकलं.

तो दाराकडेच बघत होता.

संध्याकाळ व्हायच्या सुमारास सर्जन बाहेर आले. आतड्याचा रंग चांगला आहे, थर पुन्हा शिवले, पण जंतूंची भीती आहे, पुढचे काही दिवस सांगता येत नाही, एवढं बोलून ते गेले. नवऱ्याने माझ्याकडे वळून विचारलं, "म्हंजे काय?"

मी त्याला एकेक करून समजावलं. वाचली आहे, धोका टळलेला नाही, ताप आला तर आम्हाला लगेच कळेल, कारण आता ती इथेच आहे. त्याने मान डोलवली. उठून शर्ट झटकला.

"ब्रदर," तो म्हणाला, "घरी नेल्यावर परत कदी फोन करायची येळ आली, तर तुमी उचलू नका. त्या बाईंना द्या."

"देतो," मी म्हणालो.