कानाला पोचलेला हात

मीनल, मी घर सोडलं त्या सकाळी तू माझ्या बॅगेवर बसली होतीस, चेन लागावी म्हणून. आजीने आत तांदळाची पिशवी कोंबली होती आणि ती काही केल्या काढू देत नव्हती. "हैदराबादला तांदूळ मिळत नाय का गं?" असं तू चिडवलंस, तर म्हणाली, "मिळत आसंल. आपल्या शेतातला नाय मिळायचा." मग बाबांच्या मोटरसायकलवरून मी कर्जत स्टेशनला गेले. मागे वळून बघावंसंही वाटलं नाही. घर कुठे पळून जातंय?

तेव्हा तुझंमाझं असं काही नव्हतं. तुझे आजोबा आणि माझी आजी सख्खे भाऊबहीण. आजी ऐन तारुण्यात विधवा होऊन, बाबांना कडेवर घेऊन माहेरी आली, तेव्हा तुझ्या आजोबांनी शेताच्या कडेला तिला दोन खोल्या बांधून दिल्या. ओढ्यालगतचा तुकडा कसायला दिला. सातबारा मात्र त्यांच्या एकट्याच्या नावावर राहिला. आम्ही सगळे त्या दोन खोल्यांत वाढलो आणि सातबारा कसा दिसतो हे मला नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं.

इथे मी औषधांच्या कंपनीत कागद तपासते. कुठल्या बॅचचं काम कधी सुरू झालं, सही कोणी केली, तारीख जुळते का. कागदावर जे नाही ते झालंच नाही असं आमच्याकडे धरतात. सकाळी कॅब, दुपारी कॅन्टीनची बिर्याणी, संध्याकाळी पीजीतल्या तेलुगू मुलींबरोबर चहा. आजीचा तांदूळ मी पुरवून पुरवून खाल्ला. तो संपला त्या वर्षी तुझे आजोबा गेले आणि पुढच्या पावसाळ्याआधी आजीही गेली.

आजीचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं, तेव्हा तुझ्या बाबांची वकिलामार्फत नोटीस आली. कर्जतजवळ कोंडाण्याच्या बाजूला आता शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी जमिनी जातात, तशीच आपलीही जाणार होती. आम्ही घर खाली करायचं. सोबत हक्कसोड पत्राची नक्कल होती. आजीच्या लग्नाच्या आठ दिवस आधी, पणजोबा नुकतेच गेलेले असताना, तिला कर्जतला नेऊन ते नोंदवलं होतं. वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी भावाच्या लाभात सोडते, असं त्यात लिहिलेलं. खाली तिची सही. अंगठा नव्हे, सही. भाऊ म्हणाला कर, म्हणून तिने केली असणार, आणि मला तर वाटतं थोडी मिरवतही केली असणार.

बाबांनी सही पाहिली आणि म्हणाले, "आई तवा सतरा बी पुरी नव्हती."

या एका वाक्यावर आमचं सगळं उभं राहिलं. कर्जतच्या वकिलीणबाईंनी मला फोनवर समजावलं. पणजोबा वारले तेव्हा मुलींना वारसाहक्क देणारा कायदा झालेला होता, म्हणजे आजीला भावाइतकाच हिस्सा होता. अठरा पूर्ण नसलेल्या मुलीने तो सोडून दिला तर ते पत्रच मुळात रद्दबातल, नोंदवलेलं असलं तरी. मग तिचा हिस्सा तिच्याकडेच राहिला आणि तिच्यामागे बाबांकडे आला. नुसतं राहून हक्क लागत नाही, कारण राहायला भावाने प्रेमाने दिलं होतं, असं तुझे बाबा म्हणणार. तेव्हा वय सिद्ध करा. मग बाईंनी आमच्या वतीने वाटपाचा दावा लावला.

आजीच्या जन्माची नोंद कोतवाल बुकात शोधली. नव्हती. पणजीचं ते बाळंतपण तिच्या माहेरी, डोंगरावरच्या वाडीत झालेलं. दिवाळीत. तिथून खाली येऊन नोंद कोण करणार? राहिला शाळेचा दाखला.

मी चार दिवसांची रजा काढून आले. आजीचा पत्र्याचा डबा तुला आठवत असेल, ज्याला हात लावला की ती ओरडायची. त्यात तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून, चौथी पासचा दाखला होता. तिचं माहेरचं पूर्ण नाव, रजिस्टर क्रमांक, वर्तणूक चांगली, शाळा सोडण्याचं कारण घरकाम. मला रडूच आलं. फोटो काढला आणि आधी कुठे टाकला असेल? आपल्या घरच्या ग्रुपवर. 'आजीचा दाखला सापडला.' त्या ग्रुपवर तुझे बाबाही आहेत हे मला ठाऊक होतं, पण त्या घटकेला ते मला फक्त सुरेशकाका होते. तू बदाम पाठवलास. मग मी तो वकिलीणबाईंना पाठवला.

तासाभराने त्यांचा फोन आला. "ताई, तुम्ही तारीख मोजलीत का?"

मोजली नव्हती. मी. जी दिवसभर तेच करते. दाखल्यावर जन्मतारीख एक जून होती, अंकात आणि अक्षरात. हक्कसोडाच्या दिवशी आजी अठरा वर्षं तीन आठवड्यांची होत होती.

मी बाबांना तारीख वाचून दाखवली. मग आम्हा दोघांना एकदमच आठवलं, आणि तुलाही आठवेल, कारण ही गोष्ट तिने आपल्याला मांडीवर घेऊन शंभर वेळा सांगितलीय. तुझे आजोबा तिच्याहून तीन वर्षांनी मोठे, पण ओढ्यापलीकडे शाळेत एकटे जायला घाबरायचे. म्हणून पणजोबांनी तिलाही सोबत नेलं. ती पाचचीही नव्हती. मास्तर म्हणाले, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धर, पोचला तर सहा पूर्ण. "हात नाय पोचला," आजी सांगायची, "मंग मीच मान वाकडी केली. कान आला हातात. मास्तर हासले नि लिवलं सहा." सगळ्यांना लावायचे तशी तिलाही एक जून लावली. ही गोष्ट सांगताना ती दर वेळी मान वाकडी करून दाखवायची आणि आपण दोघी हसायचो.

"आता परत डब्यात ठेव तो," बाबा म्हणाले. पण ग्रुपवरचा फोटो तुझ्या बाबांच्या वकिलांच्या हातात होता. त्यांनी कोर्टामार्फत मुख्याध्यापकांना मूळ रजिस्टर घेऊन बोलावलं. नोंद जुळली. आमच्याकडून बाबांनी साक्षीत कानाची गोष्ट सांगितली. कोर्टात कोणी हसलं नाही. दावा लागायच्या कितीतरी आधी शाळेने रीतसर केलेली नोंद एका बाजूला आणि मेलेल्या बाईची ऐकीव गोष्ट दुसऱ्या बाजूला. आजी तेव्हा अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, असल्याचं सिद्ध करायचं ओझं आमच्यावर होतं. दावा फेटाळला. न्यायाधीशांचं काही चुकलं असंही मला म्हणता येत नाही. मीही तोच कागद पास केला असता.

अपील करायला बाबांनी नकार दिला. आता आईबाबा कुंभिवलीला भाड्याच्या खोलीत राहतात, तिथल्या एका कंपनीच्या भिंतीला लागून. आई म्हणते बरं आहे, पाणी नळाला येतं. मी जाते तेव्हा बाबा मला बसायला पलंग देतात, पाहुणीला देतात तसा, आणि मला तिथून पळून जावंसं वाटतं. इथे आल्यावर इथूनही. खूप वाटतं गं, तो फोटो टाकला नसता तर. मग वाटतं, रजिस्टर तर तिथेच होतं. काहीच वेगळं झालं नसतं, आणि त्यानेही बरं वाटत नाही.

परवा दीड वर्षाने तुझा मेसेज आला. पुण्यात तुझ्या मुलीला शाळेत घालायचंय, बारा दिवसांनी वय कमी पडतंय, मी कागदांतली, तर काही करता येईल का. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. राग आला म्हणून नाही. आजी मान वाकडी करून दाखवत होती डोळ्यांसमोर, आणि या खेपेला मला तिचा हात धरायचा होता.

काही करू नकोस, मीनल. तारीख खरीच राहू दे. एक वर्ष घरी राहील पोरगी. तुम्हाला घर आहे.