कापसाच्या गाडीवरची तार

निगेटिव्हमध्ये कापूस काळा दिसतो आणि माणसाचे केस पांढरे. सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी वर्ध्याला आले आणि माझ्या दुपारी त्या उलट्या जगात जाऊ लागल्या. ह्यांचा फोटो स्टुडिओ होता. फोटो हे काढायचे, आणि मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी, मी रिटचिंग करायची. तिरपी काच, तिच्यावर निगेटिव्ह, खाली उजेड वर फेकणारा आरसा, हातात सुईसारखं टोक केलेली शिसपेन्सिल. बाहेर रिक्षावाले भांडत असायचे आणि मी कुण्या नवरीच्या गालावर तासन्‌तास फिरत असायची. जेवायची शुद्ध राहायची नाही. सासूबाई म्हणायच्या, "आमची सून निगेटिव्हातच राह्यते, पोळ्या करायले तेवढी बाहेर येते."

खोटं करायला मी लाजत नव्हते, सांगूनच टाकते. देवीचे व्रण बुजवले, गेलेल्या आजोबांचे मिटलेले डोळे ब्रशनं उघडले, लग्नाच्या फोटोत मांडवावरून लोंबणारी विजेची वायर तर न विचारताच काढायची. ती आमची रीतच होती. एकदा देवळीच्या रस्त्यावरच्या कोऱ्या आभाळात दुसऱ्या निगेटिव्हमधले ढग उतरवले आणि फोटो प्रदर्शनाला पाठवला. ढग कुठून आणले ते लोक विचारायचे, आम्ही हसून सांगायचो. जाहिरातीचंही तसंच. एका जिनिंगवाल्याच्या सिनेमा स्लाइडवर मी कापसाचा ढीग छपरापर्यंत चढवला होता. पण बियाण्याच्या दुकानदारानं कापसाच्या एका पराटीवर दोन झाडांची बोंडं लावायला सांगितली, तेव्हा त्याला दारातूनच परत पाठवलं. ढीग पाहून कोणी फसत नाही, बोंडं पाहून माणूस बी घेतो. मला वाटायचं, हद्द कुठं आहे ते मला कळतं. कसलं डोंबल कळत होतं!

एका हिवाळ्यात ह्यांनी देवळीजवळ नागपूरच्या पेपरसाठी फोटो काढला. कापसानं शीग भरलेली बैलगाडी, वर बसलेला गाडीवान, हसरा, डोक्याला दुपट्टा, मागे उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ. त्या आभाळातून त्याच्या डोक्याच्या हातभर वर विजेची एक तार आडवी गेली होती. निगेटिव्हमध्ये तार म्हणजे काळ्या आभाळात काचेसारखी स्वच्छ रेघ. शिसं धरावं म्हणून मी वार्निशचं बोट फिरवलं आणि पेन्सिलीच्या बारीक बारीक टिपक्यांनी ती रेघ भरत गेले. त्या दुपारी खिडकीत कडुनिंब हलत होता, त्याचा उजेड काचेवर यायचा जायचा, आणि मला आपण आभाळ शिवतोय असंच वाटत होतं. किती सुखात होते मी! ह्यांनी प्रिंट पाहून म्हटलं, "वा, झकास साफ केलं." फोटो छापून आला.

पुढच्याच आठवड्यात तो गाडीवान त्याच जागी मेला. शीग अजून उंच होती, वर उभा राहून दोर आवळत होता, तार लागली. ती तार त्याच जिनिंगवाल्यानं आपल्या विहिरीच्या पंपासाठी रस्त्यावरून ओढली होती. पंचनाम्याच्या आधीच त्यानं ती उतरवून घेतली आणि सांगत सुटला, तार होतीच कुठं? यानं आमच्या मोटरच्या डब्यात हात घातला, चोरी करायले गेलता. पुरावा म्हणून त्यानं पेपरातला फोटो दाखवला. पाहा, त्याच जागचा आहे, आभाळ कोरं आहे.

गाडीवानाची बायको पेपरचं कात्रण घेऊन आमच्या दारात उभी राहिली. भरपाई तर दूर, नवऱ्यावर चोरीचा डाग बसत होता. "बाई, मी रोज त्या तारीखालून वावरात गेली," ती म्हणाली. "या फोटोत काऊन नाई दिसत?"

मी तिच्या हातातलं कात्रण घेतलं, पाहिलं, परत दिलं. ती गेल्यावर हे म्हणाले, "तू गप्प राह्य. स्टुडिओची अब्रू जाईन, पेपरवाले पुन्हा उंबऱ्यावर उभे करणार नाई."

"जाऊ द्या!" मी ओरडले. "माणूस मेला तो मेला, मी त्याले चोर बी करू काय?" एवढ्या जोरात मी ह्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्याच पावली टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि निगेटिव्ह पुसलं. शिसं निघालं, रेघ परत आली. मग नवीन प्रिंट काढली आणि मी देवळीच्या कचेरीत, अपघाताची चौकशी करणाऱ्या साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. हेही आले मागून.

साहेबांनी पेपरकडून मागवलेली पहिली प्रिंट आणि माझी नवी, दोन्ही फोटो शेजारी ठेवले. "एकात तार नाही, एकात आहे. तुम्ही काढू शकता, तर घालूही शकता. खरं कोणतं मानू?"

बरोबरच होतं त्यांचं. मी एकदा खोटं केलं होतं, आता माझ्या खऱ्याला कोण विचारतो? मी निगेटिव्ह त्यांच्या हाती दिलं. काळी तार घालायची तर निगेटिव्हवरचा थर चाकूनं खरवडावा लागतो, आणि तिरप्या उजेडात तो ओरखडा दिसल्याशिवाय राहत नाही. त्यांनी खिडकीशी धरून पाहिलं, थर गुळगुळीत होता. तरी मान हलली नाही. जिनिंगवाल्याचा वकील हसत होता.

तेव्हा ह्यांनी खिशातून भिंग काढलं आणि पेपरसाठी गेलेल्या पहिल्या प्रिंटवर ठेवलं, जिच्यातून मी तार पुसली होती. "साहेब, हा अपघाताआधीचा. कापसाकडे पाहा." पांढऱ्या शिगेवर एक बारीक, धारदार सावली आडवी पडली होती. आभाळातली तार मी भरली होती, पण खालची सावली माझ्या नजरेतून सुटली होती. हे हळूच म्हणाले, "तार उंच असती तर इतकी बारीक सावली फिकी होऊन विरली असती. एवढी रेखीव आहे म्हणजे तार त्याच्या डोक्याच्या हातभरच वर होती." साहेबांनी भिंग त्या सावलीवरून फिरवलं. मग म्हणाले, "लिहून घ्या." आयुष्यभर मी हात साफ असल्याचा तोरा मिरवला, आणि त्या दिवशी माझ्या कामातल्या चुकीनं एका माणसाचं नाव वाचवलं.

निकाल गाडीवानाच्या बायकोच्या बाजूनं लागला. त्यानंतर पेपरच्या निगेटिव्हला मी पेन्सिल लावली नाही. धूळ पडली असेल तर तेवढी झटकायची, आणि ह्यांना सांगून ठेवलं की कशाला हात लावलाय ते पाकिटावर लिहा.

वर्षश्राद्धाच्या आधी ती पुन्हा आली. नवऱ्याचा तेवढा एकच फोटो होता, तोच. भिंतीवर लावायला मोठा करून हवा होता.

"तार ठेवू?" मी विचारलं.

ती म्हणाली, "कचेरीत ठेवा न बाई. तिथं पायजेच. घरात कायले? आता तरी त्याच्या डोक्यावरून हटू द्या तिले."

मी निगेटिव्ह तसंच पाकिटात ठेवलं आणि मोठी प्रिंट काढून तिच्यावर ब्रशनं आभाळ भरायला बसले. सावलीही काढली, या वेळी विसरले नाही. रडू येत होतं, रंग फिसकटेल म्हणून मान मागे घेऊन रडत होते. तो तसाच हसत बसला होता, आणि त्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं.