आईचं गाणं आणि टकटकणारा टीव्ही

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न आणि मागे उघडून ठेवलेल्या सेटांची रांग. गिऱ्हाईक फोनवर तक्रार सांगायला लागलं की मी अर्ध्यावरच निदान करून मोकळा व्हायचो. हा माझा माज होता आणि मला तो आवडायचा.

आईच्या टीव्हीचं निदान करायला तर फोनचीही गरज नव्हती. तो टीव्ही मीच तिला दिला होता. कॅम्पातल्या एका सिंधी घराने मोठा सेट घेतला आणि जुना एलसीडी माझ्याकडेच टाकला. बदलापूरला, कात्रपच्या आमच्या वन रूम किचनमध्ये भिंतीवर तो लागला तेव्हा अख्खा मजला बघायला आला होता. "मुलाने दिला," आई प्रत्येकीला सांगायची. वापरलेला आहे हे ती गाळायची आणि मीही आठवण करून द्यायचो नाही.

पुढे वर्षभरात त्याला तो आजार लागला. बटण दाबलं की आतून टक्, मग काही नाही, पुन्हा टक्. लाल दिवा मिचमिचायचा आणि पडदा काळाच. बऱ्याच वेळाने, आतलं जरा गरम झालं की चित्र यायचं आणि मग दिवसभर काही त्रास नाही. मला ते ऐकूनच कळलं होतं. पॉवर बोर्डावरचे कपॅसिटर सुकत आले होते. ते वीज सांभाळून धरू शकत नाहीत, सेट सुरू व्हायला गेला की व्होल्टेज पडतं, बोर्ड स्वतःला बंद करून घेतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. टक् टक् होतं ते रिलेचं, म्हणजे बोर्डावरच्या आपोआप उघडझाप होणाऱ्या स्विचचं. बाटलीच्या बुचाएवढे चार भाग बदलायचे, बास.

"अरे, बघ ना जरा त्याला," आई म्हणायची.

"बघतो गं. येतं ना चित्र शेवटी? थोडी थांब."

रविवारी दुकान बंद, पण त्या दिवशी मला हातात पेचकस धरायचा कंटाळा यायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात ते उगाच नाही. आईने आपला मार्ग काढला होता. मालिकेच्या आधीच बटण दाबून ठेवायची आणि भिंतीवरचा स्विच रात्रीही बंद करायची नाही. सेटमध्ये थोडी ऊब राहिली की तो लवकर ऐकतो, हे तिला मी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं होतं.

आमच्या विहारातल्या बायकांचं गाण्याचं मंडळ होतं. आई त्यात पुढच्या रांगेत असायची. एका मराठी वाहिनीने त्यांना मुंबईला बोलावलं, निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या नेसून सगळ्या गेल्या आणि एक गाणं रेकॉर्ड करून आल्या. ते दाखवणार होते एका शनिवारी, संध्याकाळी सहाला. आई बोलायला लागली की फिरून फिरून तिथेच यायची. गाण्यात एक ओळ तिने एकटीने म्हटली होती. त्या एका ओळीसाठी तिने घरात सतरंज्या घातल्या, पोह्यांचं पातेलं चढवलं आणि सगळ्या मंडळाला आमच्याकडे बोलावलं. मीही त्या दिवशी दुकान लवकर बंद करून आलो.

त्या वर्षांत बदलापूरला लोडशेडिंग पाचवीला पुजलेलं होतं. दुपारी वीज गेली ती सहाला पाच मिनिटं कमी असताना आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळी वाजवली नाही. दुपारपासून सेट पूर्ण थंड पडला होता आणि आता त्याला किती वेळ लागणार हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि आईला.

आईने बटण दाबलं. टक्.

"झालं का?" कोणीतरी विचारलं.

टक्. टक्.

"येईल आत्ता," आई म्हणाली. "माझा मुलगा आहे ना इथे."

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. कॅम्पातला टीव्हीवाला. काही न करता उभं राहणं शक्य नव्हतं, म्हणून मी घरातला केस वाळवायचा ड्रायर आणला आणि सेटच्या मागच्या जाळीतून गरम हवा मारायला लागलो. उपाय बरोबर होता, कपॅसिटर गरम झाले की थोडा वेळ जागे होतात. पण बायकांना हसू आवरेना.

"काय रे, टीव्हीला सर्दी झाली का?"

"अगं, न्हाऊन आला असेल तो!"

मीही हसलो. आतून मात्र जमीन दुभंगावी असं वाटत होतं. सहा वाजून गेले. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी दारातून हाक मारली, "अहो, सुरू झालं! चला सगळ्या आमच्याकडे, चला लवकर!"

त्यांच्याकडे जुना डबा टीव्ही होता. सगळ्या उठल्या. चपला तशाच सोडून धावल्या. एकीने आईचा हात धरला.

"तुम्ही व्हा पुढे," आई म्हणाली. "हा लागतोच आहे आत्ता."

"आई, तू जा," मी म्हणालो. "जा ना गं."

"लावतोयस ना तू? मग?"

मला तेव्हा कळलं की ती का जात नाहीये. मुलगा टीव्ही दुरुस्त करतो आणि आई दुसऱ्याच्या घरी जाऊन टीव्ही बघते, हे तिला चार बायकांपुढे करायचं नव्हतं. माझी लाज राखायला ती तिथे उभी होती. मी पुन्हा "जा" म्हणालो, माझा आवाज चढला आणि ती हलली नाही. भिंतीपलीकडून ढोलकी ऐकू आली, मग सगळ्यांचं गाणं, मग तिची एकटीची ओळ. पलीकडे बायका ओरडल्या. आई पदराचं टोक हातात घेऊन काळ्या पडद्याकडे बघत होती. माझ्या हातातला ड्रायर चालूच होता, तो बंद करायचंही मला सुचलं नाही.

चित्र आलं तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती.

"आवाज चांगला आला ना माझा?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. माझ्याने तिच्याकडे बघवेना.

रविवारी सकाळी मी दुकान उघडून कपॅसिटर घेऊन आलो. सेट खाली उतरवला, मागचं झाकण काढलं. बोर्डावर माथे फुगलेले चार कपॅसिटर ओळीने उभे होते, एकाच्या बुडाशी चिकट डाग. जुने उपसले, प्लस-मायनसची बाजू बघून नवे बसवले, सोल्डर केले. बटण दाबलं. एकदाच टक् झालं आणि पाठोपाठ चित्र आलं.

आई दारातच होती, शेजारच्या काकूंशी बोलत. तिने मागे वळून पाहिलं.

"झाला पण?"

"हो."

"किती वेळ लागला रे?"

"अर्धा तास," मी म्हणालो.

तिचा चेहरा उजळला. ती काकूंकडे वळली आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघा, अर्ध्या तासात केला हो माझ्या मुलाने!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून स्क्रू गोळा करत बसलो.