मोरीकडे सरकलेली गोळी

अन्याय झाला तो माझ्या लॅब-पार्टनरवर. कंधारच्या एका बौद्ध घरातली मुलगी, बाप शाळेत शिपाई. आणि झाला तो लातूरला, पाण्याची रेल्वे आली त्या उन्हाळ्यात, शेवटच्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलला, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिच्या जर्नलवर लाल पेनानं लिहिलं, ‘निष्कर्ष बनावट’. मी शेजारीच उभा होतो, म्हणून हे लिहितो आहे.

तेव्हा मी नव्या जिल्ह्याच्या मागणीची पत्रकं लिहायचो. कुणी गोड बोललं की आधी त्याच्या हाताकडं बघायची सवय मला तिथंच लागली. ती सवय तेव्हापासून सुटलेली नाही, आणि सुटावी असं मला वाटतही नाही.

आमचा प्रयोग दिसायला पोरखेळ होता. हातभर लांब पट्टी, तिला खाच, खाचेत स्टीलची भरीव गोळी. पट्टीचं एक टोक मोटरच्या दांड्याला जोडलेलं. मोटर फिरली की पट्टी कलते, पट्टी कलली की गोळी घरंगळते. गोळी म्हणाल तिथं थांबवून दाखवायची.

सोपं वाटतं, पण न्हाई. गोळी घरंगळताना स्वतःभोवती फिरते, थोडा जोर त्या फिरण्यात जातो. म्हणून तिला गुरुत्वाचं पूर्ण त्वरण मिळत नाही, सातातले पाचच भाग मिळतात. आणि कलानं गोळीची जागा ठरत नाही, वेग किती वाढत जाणार ते ठरतं. पट्टी जरा कलती ठेवली की गोळी पळतच सुटते. नुसतं ‘जितकी लांब तितका उलटा कल’ असं केलं तर ती मधल्या खुणेच्या अल्याड-पल्याड झोके खात राहते, थांबत नाही. तिचा वेग बघून आधीच लगाम ओढावा लागतो. हे गणित तिनं पानोपान स्वतः मांडलं होतं. मी बघत होतो, मधूनमधून चहा आणत होतो.

मोटरला हुकूम देणारा कंट्रोलर दोन मजली होता. बाहेरचा लूप गोळी कुठं आहे ते बघून ‘मोटर एवढ्या कोनावर ने’ एवढंच सांगतो. आतला लूप मोटरला त्या कोनावर नेऊन उभा करतो. आतला बाहेरच्यापेक्षा कितीतरी चपळ हवा, नाहीतर पहिला हुकूम पुरा व्हायच्या आत दुसरा येतो आणि सगळं थरथरायला लागतं. तिनं आधी आतला बसवला, मग बाहेरचा. फेब्रुवारीत गोळी मधल्या खुणेवर येऊन गप उभी राहिली. तो आलेख जर्नलला लावला, लॅबच्या सरांनी सही केली.

मग होस्टेलची टाकी आटली. पोरांना लवकर घरी घालवायचं म्हणून परीक्षा अलीकडं ओढल्या. आमच्या लॅबला कुलूप चांगलं, म्हणून स्टाफच्या पाण्याचे ड्रम तिथं आले. भिंतीकडची सपाट जागा ड्रमनं घेतली, आमचं टेबल कोपऱ्यात, बेसिनच्या मोरीजवळ गेलं. कुणी हलवलं, कुणाला विचारून, ते आजवर कुणी सांगितलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी तिनं रोजच्यासारखी पट्टी टेबलाच्या कडेला समांतर धरली आणि मग स्विच लावला. आमच्या लॅबची ती रीतच. चालू करताना पट्टी जशी असेल तो कोन मशीन शून्य धरतं, म्हणून आधी डोळ्यानं सरळ करायची. गोळी निघाली, हेलकावली आणि थांबली. पण खुणेवर नाही. तीन बोटं मोटरच्या बाजूला, आणि मोटर तेव्हा मोरीकडं होती.

परीक्षकांनी जर्नलमधला आलेख बघितला, मग गोळी बघितली.

“इथं तर मधोमध थांबली दाखवलीय, बाई. हा आलेख कुठनं उचलला?”

“उचलला न्हाई, सर. ह्याच मशीनवर काढलाय.”

“मग आज मशीन रुसलं का?”

“सर, खूण बदलून बघा. कुठंही ठेवली तरी तेवढंच अन् त्याच बाजूला सरकतंय. म्हणजे कुठंतरी कायमचा कल राहून गेलाय. त्याला तोलायला पट्टी जरा उलटी धरावी लागते, अन् त्यासाठी गोळीला खुणेपासून लांबच उभं राहावं लागतं. माझ्या कंट्रोलरमध्ये साचलेली चूक मोजणारा भाग न्हाई, प्रश्नात मागितलाच नव्हता.”

“लई शिकलीस गं. गाव कुठलं?”

“कंधार.”

“आडनाव?”

आडनाव समोरच्या यादीत होतं. तरी विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी “अच्छा” म्हणून पेन उघडलं. त्या ‘अच्छा’मध्ये काय होतं ते मी सिद्ध करू शकत नाही, पण मी ते ऐकलं.

परीक्षक जेवायला गेले, आमची बॅच अजून लॅबमध्येच होती. ती रडली वगैरे नाही. मला म्हणाली, “उचल त्या बाजूनं.”

“काय?”

“मशीन उलटं फिरवू. कंट्रोलर चुकला असंल तर गोळी मोटरकडंच थांबंल. जमीन चुकली असंल तर मोरीकडं.”

आम्ही स्विच बंद केला, मशीन टेबलावर अर्धा फेरा फिरवलं, पट्टी पुन्हा टेबलाच्या कडेला समांतर धरली, स्विच लावला. आता मोटर मोरीपासून लांबच्या टोकाला होती. गोळी थांबली ती तीन बोटं मोरीच्या बाजूला, मोटरच्या विरुद्ध. मोरीकडं पाणी जावं म्हणून फरशीला उतार दिलेला असतो. टेबल त्या उतारावर, पट्टी टेबलाला समांतर. सगळे प्रामाणिक, फक्त जमीन तिरकी.

लॅबचे सर दारात उभे होते. त्यांनी सगळं बघितलं. वाकून टेबलाच्या पायाकडंही बघितलं.

मी म्हणालो, “सर, आता परीक्षकांना दाखवा.”

“झालं ते झालं. मशीन जागेवर ठेवा.”

“सर, तुमच्यासमोर फिरली गोळी!”

“नेतेगिरी मोर्चात कर. ड्रम कुणाचे हायत माहीत हाय ना तुला?”

मशीन मीच जागेवर ठेवलं, ते पाय आपटतच. परीक्षक परतल्यावर मी मोठ्यानं सांगितलं. त्यांनी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, “मी तेव्हा बाहेर होतो.” दुपारच्या बॅचला प्रयोग मशीनवर घेतलाच नाही, नुसता संगणकावर घेतला. संगणकातल्या फरशीला उतार नसतो, सगळे पास झाले. मशीन नीट होतं तर दुपारी का टाळलं? या प्रश्नाचं उत्तर मला विभागात कुणी दिलं नाही. चहा मात्र दोनदा पाजला.

ती त्या विषयात नापास झाली. पुण्याच्या एका कारखान्यानं तिला घेतलं होतं, पण पदवी वेळेत हवी होती. जागा गेली. पुढच्या खेपेला ती पास झाली, आता नांदेडला क्लासमध्ये गणित शिकवते. पण तो शेरा कुणी खोडला नाही. कुठंही कागद दाखवायची वेळ आली की ‘एक सत्र का वाढलं’ हा प्रश्न येतो, आणि ती दर वेळी फरशीपासून सुरुवात करते. ऐकणारा हसतो.

त्या शेऱ्याची फेरचौकशी अजून मागता येते, पण माझी एकट्याची साक्ष ‘मोर्चेवाला पोरगा’ म्हणून बाजूला ठेवतात. त्या खोलीत आमची सगळी बॅच होती. सर, तुम्हीही होता. तुम्ही हे वाचता आहात हे मला माहीत आहे, आपल्या गावात अशी गोष्ट वाचायची राहत नाही. तुम्ही बाहेर नव्हता. गोळी मोरीकडं थांबलेली तुम्ही बघितली. एवढंच कागदावर लिहा, खाली सही करा आणि तो कागद तिच्या हातात नेऊन द्या.