दादाच्या खांद्यावरचा हात

माझ्या थोरल्या भावाच्या वर्षश्राद्धाला त्याच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, भिंतीवर लावायला एक मोठे चित्र करायचे ठरवले. मध्यभागी दादा आणि भोवती आम्ही सगळे, एकेक जण फोटोतून सुटा कापून. त्यासाठी भाचीच्या लग्नातला गटफोटो निवडला गेला. त्या काळात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दादाचा आणि माझा अबोला होता, एवढे खरे. पण पुतण्या आल्या-गेल्याला सांगत असे की, काका त्या दिवशी फोटोतसुद्धा फटकून उभे होते आणि दादाच्या खांद्यावर दिसणारा हात आमच्या दाजींचा आहे. ते धादांत खोटे आहे. तो हात माझा आहे. मी तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो.

म्हणून चौसाळ्याच्या स्टुडिओत मी स्वतः गेलो. हायवेलगतच्या त्या दुकानात संगणकाचे काम मालकाची बायको पाहते. तिने फोटो स्कॅन केला आणि एक बटण दाबले. क्षणात मागची मंडपाची कनात नाहीशी झाली, पण आम्ही बारा जण एकाच गठ्ठ्यात राहिलो. शिवाय कनात पांढरी, आमचे कपडे पांढरे; संगणकाने कनातीबरोबर दाजींची टोपी आणि माझे अर्धे धोतर गिळले.

"बाबा, हे हातानंच करावं लागंल," ती म्हणाली. "एकेकाच्या कडेनं रेघ मारत जायची. दोन दिवस लागतील."

दोन दिवसांनी पुतण्याच्या मोबाइलवर बारा चित्रे आली. प्रत्येक माणसामागे काळाकुट्ट चौकोन. पुतण्याने मलाच ऐकवले, "काका, तुमीच गेलता ना उभं राहून करून घ्यायला? हे काय भूत आणलंय?"

पुन्हा चौसाळा. बाई हसली. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवले की मागची पारदर्शक जागा काळ्या रंगाने भरून जाते. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला हवी होती. चूक तिच्या घाईची, बोलणी मला. तिने मूळ फाइली पडद्यावर उघडल्या तेव्हा माणसांमागे करड्या-पांढऱ्या चौकटी दिसल्या. म्हणजे तिथे काहीच नाही, असे तिने समजावले.

खरी आग मात्र पुढे होती. खुर्चीवर बसलेल्या दादाच्या डाव्या खांद्यावर काहीच नव्हते. मागे उभ्या असलेल्या माझा हात मनगटाशी तुटलेला. आणि दाजींच्या चित्राला बाहीखाली तो पंजा चिकटवलेला!

"हे कुणी सांगितलं तुला?" मी विचारले.

"तुमच्या पुतण्याचा फोन आलता. म्हणले, हात दाजीमामांचा हाय, त्यांच्याकडंच ठिवा."

मी तिथूनच पुतण्याला बोलावून घेतले. तो येऊन टेबलाशी उभा राहिला.

"काका, कावून एवढं ताणता? एका हातानं काय फरक पडतोय?"

"फरक पडत नव्हता, तर फोन कशाला केलास बे?"

बाईने आमच्या दोघांकडे पाहिले आणि मूळ स्कॅन मोठा केला. खांदा पडद्याएवढा झाला. मी माझ्या उजव्या हाताचे मधले बोट पुढे केले. त्याचे टोक कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेले आहे. पडद्यावरही मधले बोट तोकडे होते. मी बोलायला तोंड उघडले, तोच बाई पुटपुटली, "थांबा की. बोटं लई होतायत."

तिने मोजली. खाली माझी चार बोटे, आणि त्यांच्यावर आडवी आणखी चार. दादाने उजवा हात छातीवरून वळवून स्वतःच्याच खांद्यावर नेला होता आणि माझा हात दाबून धरला होता. पांढऱ्या सदऱ्यावर पांढरी बाही; छोट्या फोटोत तो सगळा एकच फिकट ठिपका वाटत असे.

"बघा," पुतण्या बापाच्या हाताकडे बोट करून हळूच म्हणाला, "आबांनी धरून ठिवलं होतं तुमाला. न्हाईतर निघून गेले असते."

मी पडद्याजवळ गेलो आणि बोटे पुन्हा मोजली.

"आता हे कुणाकडं ठिवू?" बाईने विचारले. "आबांचा हात आबांकडं ठिवला, तर खालची बोटं अर्धी राहतात. बाबा, तुमची तुमच्याकडं ठिवली, तर झाकलेली बोटं मला मनानं रंगवावी लागतील."

"मनानं काही रंगवायचं नाही," मी म्हणालो.

"मग दोघं एकाच तुकड्यात कापावे लागतील. चित्रात वेगळं बसवता येणार न्हाई."

पुतण्याच्या आराखड्यात माझी जागा खालच्या कोपऱ्यात होती. "एकातच ठिवा, ताई," तो म्हणाला.

आता भिंतीवर बाकीचे दहा जण सुटे आहेत. मध्यभागी दादा आणि त्याच्यामागे मी. येणाऱ्याला पुतण्या आता दाजींचे नाव सांगत नाही; आबांनी काकांना धरून ठेवले, असे सांगतो. तेही अपुरेच आहे. दादाने धरले होते, मान्य. पण हात आधी मी ठेवला होता. खालची बोटे माझी आहेत.